चार A आणि एक वजाबाकी: MAHARASHTRA च्या मांडण्यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीची घटक चाचणी झाली. क्रमचय हा धडा नुकताच संपला होता. गणिताला दोन शिक्षक होते. पेपर सरांनी काढला आणि आदर्श उत्तरेही त्यांनीच लिहिली. एका तुकडीचे पेपर तपासायला मॅडमकडे गेले. शेवटचा प्रश्न असा होता:

MAHARASHTRA या शब्दातील सर्व अक्षरे वापरून
(१) एकूण किती वेगवेगळ्या मांडण्या होतील?
(२) ज्यांत दोन R एकत्र येणार नाहीत अशा मांडण्या किती?
(३) ज्यांत A ही अक्षरे एकत्र येणार नाहीत अशा मांडण्या किती?

पहिल्या उपप्रश्नावर वाद नव्हता. शब्दात ११ अक्षरे आहेत: A चार वेळा, H दोनदा, R दोनदा, आणि M, S, T एकेकदा. सगळी अक्षरे वेगळी असती तर ११! म्हणजे ३,९९,१६,८०० मांडण्या झाल्या असत्या. चार A ना १, २, ३, ४ असे बारीक क्रमांक दिले तर त्यांची आपापसांत अदलाबदल २४ प्रकारे होते. क्रमांक पुसले की त्या २४ मांडण्या डोळ्यांना एकच दिसतात. दोन H ची अदलाबदल २ प्रकारे आणि दोन R चीही २ प्रकारे होते. A च्या प्रत्येक अदलाबदलीबरोबर H ची कोणतीही आणि R चीही कोणतीही येऊ शकते, म्हणून हे आकडे एकमेकांना गुणायचे: २४ × २ × २ = ९६. दिसणारी प्रत्येक मांडणी ९६ वेळा मोजली गेली आहे, म्हणून

११! ÷ (४! × २! × २!) = ३,९९,१६,८०० ÷ ९६ = ४,१५,८००

काही जणांनी छेदात गुणाकाराऐवजी बेरीज केली होती, २४ + २ + २ = २८. ही चूक सहज सापडत नाही, कारण ३,९९,१६,८०० ला २८ ने नि:शेष भाग जातो आणि १४,२५,६०० असे गुळगुळीत उत्तर येते. अपूर्णांक आला असता तर विद्यार्थी थबकला असता. इथे थबकायला कारणच मिळत नाही.

दुसऱ्या उपप्रश्नात दोन R एकत्र बांधले की उरतात १० वस्तू: RR चा जोड, चार A, दोन H, आणि M, S, T. त्यांच्या मांडण्या १०! ÷ (४! × २!) = ७५,६००. वेगळ्या अक्षरांच्या उदाहरणांत जोडाच्या आतली अदलाबदल मोजण्यासाठी २! ने गुणायची सवय लागलेली असते. इथे गुणायचे नाही, कारण जोडाच्या आत R आणि R ची जागा बदलली तरी काहीच बदलत नाही. एकूणातून हे वजा केले की ४,१५,८०० − ७५,६०० = ३,४०,२००. हेही उत्तर बरोबर होते, आणि पुढचा घोळ इथूनच सुरू झाला.

अडचण

तिसऱ्या उपप्रश्नाला चार गुण होते. आदर्श उत्तरात दुसऱ्याचीच रीत पुढे चालवली होती. चारही A एकत्र बांधले की वस्तू ८, मांडण्या ८! ÷ (२! × २!) = १०,०८०, आणि एकूणातून वजाबाकी करून उत्तर ४,०५,७२०.

मॅडमना पेपर तपासताना चार वेगवेगळी उत्तरे दिसली. बहुतेकांनी ४,०५,७२० लिहिले होते. काही मोजक्यांनी ८८,२०० लिहिले होते. काहींचे उत्तर ३,५२,८०० होते, आणि दोघातिघांचे चक्क २१,१६,८०० होते. आदर्श उत्तराप्रमाणे पहिल्यांना पूर्ण गुण मिळायचे आणि बाकी सगळ्यांना शून्य.

८८,२०० लिहिणाऱ्या एका मुलीने उत्तराखाली एक ओळ जास्तीची लिहिली होती: ‘AAAMHARSHTRA यात A एकत्र आहेत, मग हे कसे मोजायचे?’ उदाहरण लिहिताना तिच्याकडून एक अक्षर जास्त पडले होते. लिहायला हवे होते AAAMHRSHTRA. पण प्रश्न रास्त होता. तीन A ओळीने उभे आहेत, चौथा शेवटी आहे. आदर्श उत्तराच्या हिशेबात ही मांडणी ‘एकत्र येणार नाहीत’ या गटात मोजली जाते, कारण चारही A एका ठिकाणी नाहीत. ‘A एकत्र येणार नाहीत’ हे वाक्य वाचणाऱ्या कोणाच्याही डोळ्यासमोर मात्र सुटे सुटे A येतात.

मॅडमनी पेपर बाजूला ठेवले आणि सरांना दाखवले. सरांचे पहिले म्हणणे असे होते की वर्गात हीच रीत शिकवली आहे. वहीतही तसेच होते: ‘एकत्र नाहीत = एकूण − एकत्र’. त्यांनी दुसरा उपप्रश्न दोन रीतींनी पडताळूनही पाहिला होता. R सोडून उरलेली नऊ अक्षरे ९! ÷ (४! × २!) = ७,५६० प्रकारे मांडायची, त्यांच्या आगेमागे आणि मधे मिळून १० फटी होतात, त्यातल्या दोन निवडायचे ४५ प्रकार. ७,५६० × ४५ = ३,४०,२००. दोन्ही रीती तंतोतंत जुळल्या, म्हणून तिसऱ्यासाठी पडताळा घेण्याची गरज त्यांना वाटली नाही.

रीती कुठे जुळतात, कुठे फुटतात

अक्षर दोनदाच आले असेल तर दोनच शक्यता उरतात. दोन R शेजारी असतील किंवा नसतील. म्हणून वजाबाकीची रीत आणि फटींची रीत एकच गोष्ट मोजतात. अक्षर तीनदा आले की मधली तिसरी शक्यता येते: दोन शेजारी, एक लांब. ती ‘सगळे एकत्र’ मध्येही बसत नाही आणि ‘सगळे सुटे’ मध्येही नाही. वजाबाकी ती गुपचूप आपल्या पदरात घेते.

ही गोष्ट ४,१५,८०० मांडण्यांत दिसणे शक्य नाही. म्हणून मॅडमनी हाताने संपूर्ण लिहिता येईल असे उदाहरण घ्यायचे ठरवले, आणि ते त्यांना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तयार मिळाले. ११५० मधल्या या ग्रंथाच्या अंकपाश या शेवटच्या प्रकरणात ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून किती संख्या होतात आणि त्या सर्वांची बेरीज किती, असा प्रश्न आहे. नियमही तिथेच आहे: सगळे अंक वेगळे धरून भेद काढावेत आणि सारख्या अंकांच्या भेदांनी त्यांना भागावे. १२० ÷ ६ = २०. तीन सारखे आणि दोन निराळे, म्हणजे AAAMR सारख्या पाच अक्षरांचीच ही रचना आहे. ५ च्या जागी A, ४ च्या जागी M आणि ८ च्या जागी R धरायचा.

सरांनी आणि मॅडमनी मिळून या वीस संख्या कागदावर तीन गटांत लिहिल्या.

तिन्ही ५ एकत्र: ५५५४८, ५५५८४, ४५५५८, ८५५५४, ४८५५५, ८४५५५. एकूण ६.

कोणतेही दोन ५ शेजारी नाहीत: ५४५८५, ५८५४५. एकूण २.

दोन शेजारी, एक सुटा: ५५४५८, ५५८५४, ५५४८५, ५५८४५, ५४५५८, ५८५५४, ५४८५५, ५८४५५, ४५५८५, ८५५४५, ४५८५५, ८५४५५. एकूण १२.

यादी पुरी आहे की नाही हे तपासायला भास्कराचार्यांनी विचारलेली बेरीज फार कामी येते. वीस संख्या एकाखाली एक लिहिल्या की प्रत्येक स्तंभात ५ बारा वेळा, ४ चार वेळा आणि ८ चार वेळा यायला हवा. म्हणजे प्रत्येक स्तंभाची बेरीज ६० + १६ + ३२ = १०८, आणि सगळ्या संख्यांची बेरीज १०८ × ११,१११ = ११,९९,९८८. एखादी संख्या सुटली किंवा एखादीच्या जागी दुसरी दोनदा लिहिली गेली तर कुठल्या ना कुठल्या स्तंभात १०८ येत नाही.

आता वजाबाकीची रीत लावली तर २० − ६ = १४ मिळतात. हे १४ म्हणजे शेवटचे दोन गट मिळून, २ + १२. फटींची रीत लावली तर ४ आणि ८ च्या दोन मांडण्या, तीन फटी, तिन्हीत एकेक ५, उत्तर २. इथे सरांनी मान्य केले की वहीतले सूत्र ‘सगळे एकत्र नाहीत’ याचे आहे, ‘कोणतेही दोन शेजारी नाहीत’ याचे नाही.

मग MAHARASHTRA चा पूर्ण हिशेब मांडला. A सोडून उरलेली सात अक्षरे M, H, H, R, R, S, T. त्यांच्या मांडण्या ७! ÷ (२! × २!) = १,२६०. प्रत्येक मांडणीत आठ फटी. चार A या फटींत कसे विभागले जातात त्याचे पाच प्रकार होतात:

| A ची विभागणी | फटींचे प्रकार | मांडण्या |
|---|---|---|
| चारही एका फटीत | ८ | १०,०८० |
| तीन एकत्र, एक सुटा | ५६ | ७०,५६० |
| दोन आणि दोन | २८ | ३५,२८० |
| दोन एकत्र, दोन सुटे | १६८ | २,११,६८० |
| चारही सुटे | ७० | ८८,२०० |

फटींच्या प्रकारांची बेरीज ३३० येते. अकरा जागांपैकी A साठी चार जागा निवडण्याचे प्रकारही ३३०च आहेत, आणि ३३० × १,२६० = ४,१५,८००. तक्ता बंद झाला. आदर्श उत्तरातले ४,०५,७२० म्हणजे पहिली ओळ सोडून बाकी चार ओळींची बेरीज होती. त्यातल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त मांडण्यांत, म्हणजे मधल्या तीन ओळींच्या ३,१७,५२० मांडण्यांत, कुठे ना कुठे दोन A शेजारी आहेतच.

उरलेली दोन उत्तरेही या तक्त्यामुळे उलगडली. २१,१६,८०० म्हणजे ८८,२०० ची २४ पट. विद्यार्थ्यांनी फटी निवडताना ⁸C₄ ऐवजी ⁸P₄ = १,६८० घेतले होते, म्हणजे सारख्या A ना फटींत क्रमाने बसवले होते. हे उत्तर स्वतःच ओरडून चूक सांगते, कारण एकूण मांडण्याच ४,१५,८०० आहेत. ३,५२,८०० म्हणजे ८८,२०० ची चौपट. A ची काळजी घेताना H आणि R ही दोनदोनदा आले आहेत हे राहून गेले आणि १,२६० च्या जागी ७! = ५,०४० धरले गेले. हे उत्तर एकूणापेक्षा लहान असल्यामुळे वरवर पाहून चुकीचे वाटत नाही. ते पकडायचे तर उरलेली अक्षरे पुन्हा वेगळी लिहून काढायलाच हवीत.

संगणकाच्या शिक्षकांनी पायथनमध्ये स्वतंत्र पडताळा घेतला:

```python
from itertools import permutations
p = set(permutations("MAHARASHTRA"))
print(len(p))
print(sum("AA" not in "".join(x) for x in p))
```

उत्तरे 415800 आणि 88200 आली. यात `set` महत्त्वाचा आहे. `permutations` सारख्या अक्षरांनाही त्यांच्या जागेवरून वेगळे धरते, त्यामुळे त्याच्या जागी `list` लिहिले तर मोजणी ११! वर जाते आणि एवढी यादी साठवताना साधा संगणक अडकून पडतो. `set` असतानाही सगळ्या ३,९९,१६,८०० मांडण्यांतून जावे लागते, त्यामुळे थोडा वेळ लागतोच.

समोर असलेले पर्याय

आदर्श उत्तर तसेच ठेवायचे, हा पहिला पर्याय. वर्गात शिकवले तेच विचारले, असे म्हणता आले असते. पण मग ८८,२०० ला शून्य द्यावे लागले असते, आणि प्रश्नाचा तो अर्थ लावणे चूक आहे असे कोणीच म्हणू शकत नव्हते.

दुसरा पर्याय आदर्श उत्तर बदलून फक्त ८८,२०० ग्राह्य धरण्याचा. मॅडमचा कल सुरुवातीला इकडे होता. अडचण अशी की वर्गातल्या वहीत लिहून दिलेल्या सूत्राप्रमाणे सोडवणाऱ्यांचे गुण त्यामुळे कापले गेले असते, आणि ‘A ही अक्षरे एकत्र येणार नाहीत’ या वाक्याचा ‘सगळी मिळून एकत्र येणार नाहीत’ हा अर्थही व्याकरणाने बसतो.

तिसरा, उपप्रश्न रद्द करून सर्वांना चार गुण द्यायचे. सोपा, पण ⁸P₄ घेणारा आणि बरोबर सोडवणारा एकाच रांगेत बसला असता.

चौथा, दोन्ही अर्थ ग्राह्य धरायचे आणि बाकी उत्तरे टप्प्याटप्प्याने तपासायची. यातला कच्चा दुवा असा की ज्याला ‘कोणतेही दोन शेजारी नकोत’ हे समजले होते तरी ज्याने वजाबाकीच केली, त्यालाही पूर्ण गुण जातात. पेपरवरून हे ओळखता येत नाही.

काय केले

चौथा पर्याय स्वीकारला. ४,०५,७२० आणि ८८,२०० या दोन्हींना चारपैकी चार. फटींच्या रीतीत १,२६० बरोबर काढून आठ फटी दाखवल्या असतील तर दोन गुण; त्यामुळे २१,१६,८०० वाल्यांना दोन मिळाले. ३,५२,८०० वाल्यांना आठ फटी आणि ७० निवडी बरोबर असल्याने दोन. दोन्ही तुकड्यांचे पेपर पुन्हा तपासले, कारण सरांच्या तुकडीतही ८८,२०० ला शून्य गेले होते.

मग एक तास फक्त या उपप्रश्नाला दिला. वहीतले सूत्र खोडायला सांगून त्याऐवजी दोन वेगळी वाक्ये लिहून दिली: ‘सगळे एकत्र नसावेत’ यासाठी वजाबाकी, ‘कोणतेही दोन शेजारी नसावेत’ यासाठी फटी. अक्षर दोनदाच असेल तेव्हा दोन्ही सारखे, हेही खाली लिहिले. त्याआधी मुलांकडून ४, ८, ५, ५, ५ च्या वीस संख्या लिहून घेतल्या. स्तंभाची बेरीज १०८ न आलेल्यांना आपली राहिलेली संख्या स्वतः शोधता आली.

परिणाम

पुढच्या चाचणीत BANANA दिला आणि दोन्ही वाक्ये वेगवेगळे उपप्रश्न म्हणून विचारली. एकूण ६! ÷ (३! × २!) = ६०. तीन A एकत्र ४! ÷ २! = १२, म्हणून सगळे एकत्र नसलेल्या ४८. कोणतेही दोन A शेजारी नसलेल्या: B, N, N च्या तीन मांडण्या, चार फटींतून तीन निवडायचे चार प्रकार, म्हणजे १२. या वेळी बहुतेकांनी दोन्ही उत्तरे वेगळी काढली. ⁴P₃ घेणारे मात्र अजून होतेच. त्यांचे उत्तर ७२ आले, आणि ६० पेक्षा मोठे असल्याचे पाहून काहींनी ते स्वतःच खोडले होते.

एक चूक नव्याने पुढे आली. काहींनी ‘एकत्र’ चा हिशेब लागोपाठ दोन अटींवर चालवायला सुरुवात केली. MAHARASHTRA मध्ये दोन R शेजारी नकोत आणि दोन H ही शेजारी नकोत, असे विचारल्यावर त्यांनी ४,१५,८०० मधून ७५,६०० दोनदा वजा करून २,६४,६०० लिहिले. RR आणि HH दोन्ही जोड असलेल्या ९! ÷ ४! = १५,१२० मांडण्या यात दोनदा वजा होतात. त्या एकदा परत मिळवल्या की बरोबर उत्तर २,७९,७२० येते.

वेगळे काय करता आले असते

पेपर काढतानाच प्रश्नात ‘कोणतेही दोन A शेजारी नसावेत’ असे लिहिले असते तर वाद उद्भवलाच नसता. ‘एकत्र येणार नाहीत’ हा शब्दप्रयोग दोनदा आलेल्या अक्षरासाठी चालतो, तीन किंवा जास्त वेळा आलेल्यासाठी नाही. प्रश्नसंग्रहांत तो सरसकट वापरलेला दिसतो, म्हणून तिथून प्रश्न उचलताना अक्षर किती वेळा आले आहे हे आधी पाहावे.

शिकवण्याच्या क्रमातही बदल हवा होता. दोनदा आलेल्या अक्षरावर वजाबाकी शिकवून थांबले की ती रीत सार्वत्रिक वाटते, कारण तिथे ती कधीच चुकत नाही. पहिले उदाहरणच तीनदा येणाऱ्या अक्षराचे घेतले असते तर मधला गट पहिल्याच दिवशी समोर आला असता. सरांच्या पडताळ्यातही हेच झाले होते: त्यांनी पडताळा घेतला, पण जिथे दोन्ही रीती जुळणारच अशा ठिकाणी.

गुणांच्या निर्णयाबाबत दोघांचे मत शेवटपर्यंत एक झाले नाही. मॅडमच्या मते ४,०५,७२० ला पूर्ण गुण देताना किमान ‘चारही A एकत्र नसावेत’ हे वाक्य पेपरात कुठेतरी असायला हवे होते, म्हणजे विद्यार्थ्याने कोणता अर्थ धरला ते कळले असते. सरांच्या मते ते न लिहिल्याचा दंड मुलांना देणे बरोबर नव्हते, कारण पेपरानेच ते लिहिले नव्हते. पुढच्या वर्षीच्या सूचनांत त्यांनी एवढेच घातले: मांडणीच्या प्रश्नात उत्तर लिहिण्याआधी विद्यार्थ्याने आपण कोणत्या मांडण्या मोजतो आहोत ते एका ओळीत लिहावे, आणि त्या ओळीला एक गुण.